सिस्टिम बंद पडल्यानंतर: कुणावर बोट न ठेवता आढावा कसा घ्यायचा

प्रसंग असा धरू. नाशिकला कॉलेज रोडवर आठ-नऊ जणांची एक टीम बसते. कांदा व्यापाऱ्यांसाठी सॉफ्टवेअर चालवते. लासलगावला किंवा पिंपळगाव बसवंतला लिलावात बोली लागली की ट्रॅक्टर व्यापाऱ्याच्या खळ्यावर जातो, वजन होतं आणि शेतकऱ्याच्या हातात हिशोबपट्टी पडते. ती पट्टी या सॉफ्टवेअरमधून निघते. एका मंगळवारी सकाळी १०:४२ ते ११:१० या वेळात एकही पट्टी निघाली नाही. खळ्यांवर ट्रॅक्टर थांबून राहिले, व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आरडाओरडा झाला आणि एका मोठ्या ग्राहकाने मालकांना थेट फोन लावला.

टीम आणि मंगळवार दोन्ही मी रचलेले आहेत. बंद पडण्याचं कारण मात्र अस्सल आहे. पोस्टग्रेस डेटाबेस वापरणाऱ्या कुठल्याही टीमला ते कधीतरी गाठतंच, म्हणून मुद्दाम तेच घेतलं. १०:४२ ला एका अभियंतीने पट्टीच्या टेबलात गाडी नंबरचा नवा कॉलम जोडणारं मायग्रेशन, म्हणजे ही एक ओळ, चालवली:

```sql
ALTER TABLE patti ADD COLUMN vahan_kramank text;
```

आढावा इथेच थांबला तर निष्कर्ष तयार आहे: “कामाच्या वेळेत मायग्रेशन चालवू नये, सर्वांनी काळजी घ्यावी.” यावर सगळे माना डोलावतात, चहा येतो आणि तीन महिन्यांनी दुसऱ्याच कुणाकडून तसलाच घोळ होतो. कारण तिने ते का चालवलं, तेव्हा तिला ते सुरक्षित का वाटलं आणि वाटण्याजोगं काय होतं, हे कुणी विचारलेलंच नसतं. दोषारोप टाळायचा तो या प्रश्नांची खरी उत्तरं मिळावीत म्हणून. नोकरीची भीती बसलेला माणूस खोटं बोलतोच असं नाही. तो फक्त कमी बोलतो. आणि नेमका जो तपशील तो गाळतो, तोच आपल्याला हवा असतो.

त्याच दिवशी करायचं काम

सिस्टिम पूर्ववत झाली की पहिल्या दोन-तीन तासांत पुरावा राखून ठेवा. डेटाबेसचे लॉग, लोड बॅलन्सरचे लॉग, डिप्लॉयचा इतिहास, मॉनिटरिंगच्या आलेखांचे स्क्रीनशॉट, टीमच्या चॅटमधला संवाद आणि सपोर्टला आलेल्या फोनच्या वेळा. लॉग काही दिवसांनी आपोआप पुसले जातात आणि माणसाची आठवण त्याहूनही लवकर बदलते. उत्तर कळल्यानंतर प्रत्येकाला वाटू लागतं की “मला तेव्हाच शंका आली होती.” असं म्हणणारा प्रामाणिकपणेच म्हणत असतो, पण चॅट उघडून पाहिलं तर १०:५० ला त्याने “नेटवर्कचा प्रॉब्लेम दिसतोय” असं लिहिलेलं असतं.

वेळा जुळवताना एक साधी चूक हमखास होते. सर्व्हरचे लॉग बहुतेक वेळा यूटीसीत असतात, चॅट आणि फोन भारतीय वेळेत. फरक साडेपाच तासांचा. लॉगमधलं ०५:१२ म्हणजे आपलं १०:४२. सगळं पहिल्यापासून भारतीय वेळेत आणून ठेवा, नाहीतर बैठकीतला अर्धा तास याच हिशोबात जातो.

बैठक दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी ठेवा. त्याच संध्याकाळी नको, लोक दमलेले आणि चिडलेले असतात. आठवडाही जाऊ देऊ नका.

बैठक चालवणारा कोण, हे आधी ठरवा. ज्याचा त्या घटनेत हात होता तो नको, आणि त्या अभियंतीची पगारवाढ ज्याच्या हातात आहे तोही नको. आठ जणांच्या टीममध्ये असा माणूस सापडणं अवघड असतं हे मान्य. मग दुसऱ्या प्रॉडक्टवरचा कुणी, किंवा टेस्टिंगमधला अनुभवी सहकारी चालेल. पोस्टग्रेसची खोल जाण असण्यापेक्षा “थांबा, मला हे समजलं नाही, परत सांगा” असं न लाजता म्हणता येणं त्याच्यासाठी जास्त गरजेचं आहे.

बैठकीआधी एकट्याने बोलणं

हा टप्पा बहुतेक टीम गाळतात, आणि माझ्या मते अर्धा आढावा इथेच होतो. चालवणाऱ्याने घटनेत थेट असलेल्या प्रत्येकाशी बैठकीआधी वीस-पंचवीस मिनिटं वेगळं बोलावं. केबिनमध्ये नको, खाली टपरीवर, चहा घेत घेत.

“का केलंस?” असं विचारलं की समोरचा सफाई देऊ लागतो. त्याऐवजी त्या वेळी काय दिसत होतं ते विचारावं. आपल्या प्रसंगात संवाद साधारण असा होईल:

“मायग्रेशन चालवायच्या आधी तुझ्या स्क्रीनवर काय काय उघडं होतं?”

“स्टेजिंगचा रिझल्ट होता, सर. तिथे चाळीस मिलिसेकंदांत झालं होतं. आणि आपल्या विकीचं पान. त्यात लिहिलंय, नवा कॉलम डीफॉल्टशिवाय टाकला तर डाउनटाइम लागत नाही.”

“आणि आदल्या रात्री?”

“रात्री साडेनऊलाच करायचं होतं. पण व्हीपीएन लागेना. सकाळी ग्रुपवर विचारलं, ‘आता करू का?’ तर दोघांनी अंगठा दिला. ग्राहकाला गाडी नंबर आजच्या पट्टीवर हवाच होता.”

चार वाक्यांत चित्र पालटलं. तिने तपासलं होतं, विचारलंही होतं, आणि टीमचं लिखित मार्गदर्शन तिच्या बाजूने होतं. ते मार्गदर्शन चुकीचंही नाही. पोस्टग्रेसमध्ये डीफॉल्ट नसलेला कॉलम जोडताना टेबल पुन्हा लिहावं लागत नाही, आणि २०१८ साली आलेल्या अकराव्या आवृत्तीपासून स्थिर डीफॉल्ट असला तरी लागत नाही. विकीचं पान खरं बोलत होतं, पण अर्धवट.

या बोलण्याची टिपणं तिला दाखवा आणि यातलं बैठकीत काय मांडायला तुझी हरकत नाही, ते विचारा. बैठकीत तिला काहीच अनपेक्षित ऐकावं लागू नये.

घटनाक्रम: तीन रकाने

नेहमीच्या घटनाक्रमात दोन रकाने असतात, वेळ आणि घटना. त्यात तिसरा घाला: त्या क्षणी त्या माणसाला काय दिसत होतं आणि काय वाटत होतं. आढाव्याचा सगळा जीव या तिसऱ्या रकान्यात आहे. आणि घटनाक्रम कमांडपासून सुरू करू नका. पहिली ओळ “१०:४२, मायग्रेशन चालवलं” अशी असेल तर कागदानेच आरोपी ठरवून टाकला. मागे जा, जिथवर दुवा लागतो तिथवर.

आपल्या प्रसंगात मागे गेल्यावर हे सापडलं. तीन आठवड्यांपूर्वीपर्यंत हिशोब विभागाचा महिन्याचा अहवाल रेप्लिकावर, म्हणजे मूळ डेटाबेसच्या प्रतीवर, चालायचा. तो मध्येच तुटायचा आणि लॉगमध्ये हे यायचं:

```
ERROR: canceling statement due to conflict with recovery
```

मूळ डेटाबेसवरचे बदल रेप्लिकावर लावताना तिथली एखादी लांबलेली क्वेरी आड आली, तर पोस्टग्रेस ठरावीक वेळ वाट पाहून ती क्वेरी रद्द करतं. ही वाट पाहण्याची मुदत मुळात ३० सेकंदांची असते. हिशोबवाल्यांची तक्रार वाढली तेव्हा एका सहकाऱ्याने अहवाल मूळ डेटाबेसवर वळवला. तक्रार मिटली, सगळ्यांनी त्याचे आभार मानले. त्याच्या दृष्टीने ते चांगलं कामच होतं.

आता मंगळवार. १०:३१ ला हिशोब विभागाने अहवाल सुरू केला. तो `patti` टेबल वाचत होता, म्हणजे त्या टेबलावर वाचनाचं हलकं लॉक धरून बसला होता. १०:४२ ला मायग्रेशन सुरू झालं. कॉलम जोडायला संपूर्ण टेबलाचं एकट्याचं लॉक लागतं. ते अहवाल संपेपर्यंत मिळणार नव्हतं, म्हणून मायग्रेशन रांगेत उभं राहिलं. खरी गोम यापुढे आहे: पोस्टग्रेसची लॉकची रांग आलेल्या क्रमाने चालते. मायग्रेशनच्या मागून आलेली साधी वाचनाची क्वेरीसुद्धा आता त्याच्या मागे थांबते, जरी तिचं अहवालाशी काही भांडण नसलं तरी. काम चाळीस मिलिसेकंदांचं, पण त्याची वाट पाहण्याला मर्यादाच नव्हती. स्टेजिंगवर अहवाल चालत नाही, त्यामुळे तिथे हे कधीच दिसलं नसतं.

अ‍ॅप्लिकेशनच्या कनेक्शन पूलमध्ये चाळीस जागा होत्या. मिनिटभरात चाळीसही कनेक्शन रांगेत अडकली. त्यानंतर `patti`शी संबंध नसलेली पानंही उघडेनात, लॉगिनसुद्धा.

पुढचा घटनाक्रम तिसऱ्या रकान्यासह वाचा. १०:४५ ला सपोर्टला पहिला फोन आला. सपोर्टच्या सहकाऱ्याला वाटलं त्या एका व्यापाऱ्याचं इंटरनेट गेलंय, कारण मॉनिटरिंगचा पडदा हिरवा होता. १०:४९ ला पहिला अलर्ट वाजला. सात मिनिटं उशीर का? अलर्ट चुकांच्या प्रमाणावर होता आणि पाच मिनिटांची सरासरी धरून मोजायचा. पण विनंत्या चुकत नव्हत्या, नुसत्या लटकत होत्या. लोड बॅलन्सर साठ सेकंद थांबून मग ५०४ ही चूक द्यायचा. १०:५२ ला ड्यूटीवरच्या अभियंत्याने अ‍ॅप सर्व्हर रीस्टार्ट केले, कारण मागच्या दोन वेळा त्यानेच काम झालं होतं. क्षणभर सुरू झाल्यासारखं वाटलं आणि नवी कनेक्शन पुन्हा त्याच रांगेत जाऊन बसली. ११:०६ ला कुणीतरी डेटाबेसमध्ये डोकावलं:

```sql
SELECT pid, pg_blocking_pids(pid), now() - query_start, query
FROM pg_stat_activity
WHERE cardinality(pg_blocking_pids(pid)) > 0;
```

मायग्रेशन एका अहवालामागे आणि बाकी सगळे मायग्रेशनमागे, हे एका नजरेत दिसलं. ११:१० ला `pg_cancel_backend` ने मायग्रेशन रद्द केलं आणि पट्ट्या निघू लागल्या.

आणि मायग्रेशन चालवणारी ती? तिची खिडकी नुसती थांबलेली होती. तिला वाटलं व्हीपीएन पुन्हा अडकलं. आदल्या रात्री तेच तर झालं होतं. बंद पडण्याचा संबंध आपल्या कमांडशी असेल हे ११:०६ पर्यंत तिच्या मनातही आलं नाही. हा तपशील एकट्याने बोलल्याशिवाय कधीच कळला नसता, आणि पुढे दिसेल की एक उपाय थेट यातून निघतो.

बैठक

दीड तास पुरतो. घटनाक्रम आदल्या दिवशी पाठवा, पण लोक तो वाचून येतील या भरवशावर राहू नका. पहिली दहा मिनिटं सगळ्यांनी शांतपणे वाचू द्या. मग चालवणाऱ्याने एक-दोन वाक्यं सरळ बोलावीत: “इथे जमलेल्या प्रत्येकाने त्या वेळी जवळ असलेल्या माहितीवर ठीक वाटलं तेच केलं, असं धरून आपण चालणार आहोत. ही माहिती अपुरी कुठे पडली ते शोधायचंय. इथलं काहीही मूल्यमापनात जाणार नाही.” शेवटचं वाक्य मालकांकडून आधी कबूल करून घ्या. ते कबूल नसतील तर ते बोलू नका. एकदा मोडलेला शब्द त्या ऑफिसात पुढची काही वर्षं लोकांच्या लक्षात राहतो.

नावांऐवजी भूमिका लिहिण्याची पद्धत चांगली आहे, पण आठ जणांच्या ऑफिसात “मायग्रेशन चालवणारी अभियंती” कोण हे शिपायालाही ठाऊक असतं. त्यामुळे भूमिका लिहून आढावा दोषमुक्त होतो या समजात राहू नये. तिचा उपयोग कागद ऑफिसबाहेर गेल्यावर आहे. नाशिकमधली सॉफ्टवेअरची दुनिया लहान, सगळे एकमेकांना कुठून ना कुठून ओळखतात. इथला किस्सा पुढच्या मुलाखतीत आधी पोचलेला असतो.

अवघड क्षण साधारण विसाव्या मिनिटाला येतो. वरिष्ठांपैकी कुणीतरी म्हणतं, “पण दिवसा मायग्रेशन करायचं नाही, हे माहीत होतं ना सगळ्यांना?” खोली गप्प होते. चालवणाऱ्याने इथे वाद घालू नये, वरिष्ठांना गप्पही करू नये. प्रश्न फिरवावा:

“सर, चांगला मुद्दा आहे. हे कुठे लिहिलेलं आहे ते बघू या. आणि गेल्या दोन महिन्यांत दिवसा किती मायग्रेशन झाली, तेही डिप्लॉयच्या इतिहासात काढू.”

इतिहास उघडला आणि दिसलं, दोन महिन्यांत अकरा मायग्रेशन दिवसा झाली, त्यातली दोन खुद्द त्या वरिष्ठांची. अकराही बिनबोभाट पार पडली. म्हणजे कागदावरचा नियम एक आणि चालणारी पद्धत दुसरी होती, आणि पद्धतीला प्रत्येक वेळी यशाचं बक्षीस मिळत होतं. हे आकडे वरिष्ठांना खिंडीत पकडायला वापरू नका. “बहुतेकांनी केलंय, म्हणजे तसं करण्यामागे काहीतरी गरज असणार, ती कोणती?” इकडे वळा. उत्तर येतं: रात्री थांबायला कुणी नसतं, व्हीपीएन घरून नीट चालत नाही, ग्राहक सकाळी लिलावाआधी बदल मागतो. आता काम करण्याजोगं काहीतरी हाती लागलं.

उलट टोकालाही सावध राहा. कधी ती अभियंती स्वतःच म्हणते, “चूक माझीच आहे, मी लक्ष द्यायला हवं होतं.” सगळ्यांना हायसं वाटतं, विषय संपतो. ही कबुली मोठेपणाची असली तरी आढाव्याच्या कामाची नाही. “ठीक आहे, पण लक्ष दिलं असतंस तर नेमकं कशाकडे? अहवाल चालू आहे हे तुला दिसलं असतं का?” असं विचारा. नसतं दिसलं. ते दाखवणारा पडदाच नव्हता.

‘का’ची साखळी आणि तिची अडचण

टोयोटातून आलेली पाच वेळा ‘का’ विचारण्याची रीत आपल्याकडे लोकप्रिय आहे. सुरुवातीला ती बरी, पण तिच्यात एक खोट आहे: ती एकाच फांदीवरून खाली उतरते आणि शेवटी एकच ‘मूळ कारण’ हातात देते. कुठली फांदी धरायची हे पहिल्या उत्तरावर ठरतं, आणि पहिलं उत्तर खोलीतला सगळ्यात मोठा आवाज देतो.

आपल्या घटनेत मूळ कारण एक नाहीच. लॉकसाठी थांबण्याला मर्यादा नव्हती. अहवाल मूळ डेटाबेसवर आला होता आणि तोही अमर्याद चालू शकत होता. लटकलेल्या विनंत्या अलर्टला दिसत नव्हत्या. ड्यूटीवरच्या माणसाकडे रीस्टार्टखेरीज दुसरी पायरी लिहिलेली नव्हती. थांबलेलं मायग्रेशन आणि अडकलेलं व्हीपीएन स्क्रीनवर सारखंच दिसत होतं. यातलं पहिलं किंवा दुसरं नसतं तर बंदच पडलं नसतं. बाकीची नसती तर ते कितीतरी आधी सावरलं असतं. फळ्यावर ही पाचही कारणं शेजारी-शेजारी लिहा, एकाखाली एक नको.

गिटलॅबची ३१ जानेवारी २०१७ ची घटना याच कारणासाठी वाचण्यासारखी आहे. एका अभियंत्याने रात्री उशिरा चुकीच्या डेटाबेस सर्व्हरवर डेटाची फाइल-निर्देशिका पुसली. गोष्ट इथे संपवता आली असती. पण त्यांनी उघडपणे प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात पुढे आलं की बॅकअप घेणारं `pg_dump` सर्व्हरशी न जुळणाऱ्या जुन्या आवृत्तीचं असल्यामुळे अपयशी ठरत होतं, आणि ते कळवणारे ईमेल पोचतच नव्हते. शेवटी कामी आली ती सुमारे सहा तास आधी कुणीतरी दुसऱ्याच कामासाठी घेतलेली प्रत. त्या आढाव्यात अभियंत्याचं नाव नाही. नाव शोधत बसले असते तर बॅकअपपर्यंत पोचायला कदाचित दुसरी आपत्ती लागली असती.

उपाय: थोडे, आणि यंत्रात उतरणारे

बैठकीच्या शेवटी वीस उपायांची यादी होते आणि त्यातले सतरा कधीच होत नाहीत. तीन-चार ठेवा. निवडताना एकच कसोटी लावा: हा उपाय कुणीतरी लक्षात ठेवण्यावर अवलंबून आहे का? “काळजी घ्यावी”, “प्रशिक्षण द्यावं”, “चेकलिस्टमध्ये एक ओळ वाढवावी” हे सगळे आठवणीवर चालतात. अ‍ॅमेझॉनची एस-थ्री सेवा २८ फेब्रुवारी २०१७ ला एका चुकीच्या टाइप झालेल्या कमांडमुळे कोसळली, तेव्हा त्यांनी ते साधनच बदललं: ते आता सर्व्हर हळूहळू काढतं आणि किमान क्षमतेच्या खाली जाऊ देत नाही. पुढचा माणूसही टाइप करताना चुकणार, हे गृहीत धरून केलेला हा बदल आहे.

आपल्या टीमचा पहिला उपाय दोन ओळींचा आहे:

```sql
ALTER ROLE migrator SET lock_timeout = '3s';
ALTER ROLE ahaval SET statement_timeout = '5min';
```

`lock_timeout` मुळात शून्य असतं, म्हणजे अनंत काळ थांबा. तीन सेकंद ठेवलं की लॉक न मिळाल्यास मायग्रेशन स्वतःच माघार घेतं आणि स्पष्ट चूक दाखवतं. ‘व्हीपीएन अडकलं की काय’ हा गोंधळही त्याने मिटतो. मर्यादा दोन आहेत. ती तीन सेकंदं मागची रांग थांबतेच, म्हणून मायग्रेशनच्या साधनाने एकामागून एक धडका न मारता प्रयत्नांमध्ये अंतर ठेवलं पाहिजे. आणि ही सेटिंग त्या रोलच्या नव्या कनेक्शनलाच लागू होते, आधीपासून उघड्या असलेल्यांना नाही. अहवालाची पाच मिनिटं हिशोब विभागाशी बोलूनच ठरवा. त्यांचं काम खरोखर त्याहून मोठं असेल तर ते तुटेल आणि कुणीतरी पुन्हा गुपचूप पळवाट काढेल. रेप्लिकावरून अहवाल हलवला गेला तो असाच.

दुसरा उपाय अलर्टचा. चुकांसोबत प्रतिसादाला लागणारा वेळ आणि पूलमधल्या रिकाम्या जागा मोजायच्या. तिसरा, वर दिलेली `pg_blocking_pids`ची क्वेरी ड्यूटीच्या पानावर रीस्टार्टच्या आधीच्या पायरीत घालायची. ही आठवणीवर चालणारी गोष्ट आहे हे खरं, पण ती वापरायची वेळ येते तेव्हा ते पान समोर उघडंच असतं. रात्रीच्या व्हीपीएनचा प्रश्न चौथा.

प्रत्येक उपायापुढे एका माणसाचं नाव आणि तारीख लिहा. “टीम” असं लिहिलं की कुणाचंच नाही. आणि ज्याच्या हातून घटना घडली त्याच्याच गळ्यात सगळे उपाय बांधू नका. ती न बोललेली शिक्षा असते आणि सगळ्यांना कळते.

ग्राहकाला काय सांगायचं

व्यापारी विचारणारच, “कुणी केलं?” त्याच्या दारात शेतकरी ताटकळले होते, त्याचा राग रास्त आहे. त्याला गोलमोल “तांत्रिक अडचण” नको आणि माणसाचं नावही नको. असं लिहा:

“शेठ, मंगळवारी सकाळी १०:४२ ते ११:१० पट्टी निघत नव्हती. नवा रकाना जोडण्याचं काम आणि महिन्याचा अहवाल एकाच वेळी चालल्यामुळे डेटाबेस अडून बसला. आधी झालेली कुठलीही नोंद गेलेली नाही. असं काम आता तीन सेकंदांत मोकळीक मिळाली नाही तर आपोआप मागे हटेल, ते आजपासून लागू आहे. त्या वेळात हाताने लिहिलेल्या पट्ट्या चढवायला आमचा माणूस उद्या खळ्यावर येईल.”

नाव मागण्याच्या मुळाशी ‘पुन्हा होणार नाही ना’ ही धास्ती असते. काय बदललं ते नेमकं सांगितलं की बहुतेक जण तिथेच थांबतात. तरीही जो हट्ट धरेल त्याला मालकांनी स्वतःचं नाव द्यावं.

कुठे हा मार्ग लागू नाही

कुणी जाणूनबुजून डेटा विकला, मुद्दाम तोडफोड केली, किंवा सांगूनही दारू पिऊन ड्यूटी केली, तर तो विषय या बैठकीचा नाही. तो एचआरने वेगळा हाताळावा. दोन्ही गोष्टी एका खोलीत आणल्या की प्रत्येक आढावा चौकशी वाटू लागतो.

आणि आढावा नुसता नावाला चालला आहे हे ओळखायचं कसं? लोक स्वतःच्या बचावाचे स्क्रीनशॉट घेऊन येऊ लागतात. घटनाक्रमाचा तिसरा रकाना रिकामा किंवा एकसारखा भरलेला असतो. सगळ्यात खात्रीची खूण म्हणजे थोडक्यात टळलेल्या घटना कुणी सांगेनासं होतं. “काल चुकून प्रॉडक्शनवर कमांड देणार होतो, शेवटच्या क्षणी दिसलं” असं कुणी मोकळेपणाने ग्रुपवर लिहीत असेल तोवर ठीक चाललंय.

महिन्याभराने

उपाय झाला अशी खूण केली म्हणजे तो झाला असं नाही. महिन्याभराने अर्धा तास काढा आणि घटना स्टेजिंगवर मुद्दाम घडवा. एका खिडकीत व्यवहार उघडा ठेवा:

```sql
BEGIN;
SELECT 1 FROM patti LIMIT 1;
```

यानंतर `COMMIT` करू नका. वाचनाचं लॉक धरलेलं राहील. दुसऱ्या खिडकीत मायग्रेशन चालवा, पण हाताने नाही, रोज ज्या साधनाने चालवता त्यानेच आणि त्याच रोलने. तीन सेकंदांत हे दिसायला हवं:

```
ERROR: canceling statement due to lock timeout
```

दिसलं नाही आणि खिडकी नुसतीच थांबून राहिली, तर बहुधा साधन दुसऱ्याच रोलने जोडलं जातंय, किंवा जोडताना स्वतःची सेटिंग लावतंय. `SHOW lock_timeout;` त्याच साधनातून चालवून बघा. शून्य आलं तर तो उपाय यादीत परत उघडा आणि त्यावर नवी तारीख टाका.